पन्नास मीटरचं घड्याळ

उंतोने प्लास्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली आणि टोपी न काढता म्हणाला, "हे उघड. आणि रविवारी सगळ्यांसमोर सांग, हे पाण्यात पडल्यावर बंद पडलं म्हणून."

पिशवीत काय आहे ते रायलीला बघायची गरज नव्हती. तिनेच विकलेलं घड्याळ होतं ते, आणि तिच्या भाच्याच्या मनगटावरून ते पोलिसांनी काढलं होतं. भाचा म्हणजे याल्मारी, तिच्या भावाचा, उंतोचा, एकुलता एक मुलगा. जानेवारीतल्या शनिवारी पोहण्याच्या क्लबच्या सॉनामधून, म्हणजे भट्टीने तापवलेल्या वाफेच्या खोलीतून, तो तळ्यावर गेला, बर्फात कापलेल्या भोकात उतरला आणि वर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, गार पाण्याचा धक्का बसला, हृदय थांबलं. किती वाजता, ते सांगता येणार नाही म्हणाले. पोलिसांनी अपघात लिहिला आणि कपडे, टॉवेल, घड्याळ असं सगळं बापाच्या हातात दिलं.

पण घड्याळाच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं आणि त्या धुक्यातून दोन जाडजूड काटे दिसत होते. सहा वाजून दहा मिनिटं. बस्स, उंतोला तेवढं पुरलं. सॉनाची भट्टी पेटवणारा सुलो त्या संध्याकाळी याल्मारीबरोबर होता. तो म्हणतो, मी पावणेसातला निघालो तेव्हा पोरगा बाकावर बसून हसत होता, घरी बायकोला, हेल्मीला, एकटं ठेवता येत नाही म्हणून मी गेलो, उंतो सात वाजता येणार असं ठरलं होतं. उंतो म्हणतो, आठला यायचं ठरलं होतं. आणि घड्याळ म्हणतं, सहा दहा. म्हणजे पोरगा बुडाला तेव्हा सुलो तिथेच होता, आणि एकतर त्याने बघितलं नाही किंवा बघून पळाला. गावाला काय, निमित्तच हवं असतं. पंचवीस वर्षं ज्या माणसाने भट्टी पेटवली त्याच्याकडून क्लबची किल्ली काढून घेतली. दुकानात तो रांगेत उभा राहिला की पुढचा माणूस गप्प होतो. हेल्मीला विसराळूपणाचा आजार. ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, आमच्याकडे हल्ली कॉफीला कुणी का येत नाही?

रविवारी क्लबची सभा होती. सुलोचं नाव काढून टाकायचा ठराव यायचा होता, आणि उंतो नुसत्या ठरावावर थांबणार नव्हता. वकिलाशी बोलून ठेवलं होतं त्याने.

"टोपी काढ," रायली म्हणाली. "बस तिकडे."

तो बसला नाही. मग तीच टेबलाशी बसली, दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं. पन्नाशी उलटलेला हा तिचा धाकटा भाऊ लहानपणापासून असाच. मनात आलं की आलं, मग समोरून भिंत आली तरी हा चालतच राहणार.

नाताळच्या आधी हेच दोघं याच काउंटरशी उभे होते. तो दिवस आठवला की रायलीला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटे, आणि त्याच्या तोंडात तर नक्कीच. उंतो पोरासाठी घड्याळ घ्यायला आला होता. पातळ, निळ्या डायलचं, दिसायला देखणं असं एक त्याला आवडलं. पाठीवर कोरलं होतं, पन्नास मीटर.

"हे तो सॉनात घालणार का?" तिने विचारलं होतं.

"घालणारच. शनिवारी सगळे तिथेच असतात. बाप मुलाला घड्याळ देतो ते काय कपाटात ठेवायला?"

"मग हे घेऊ नको. दुसरंही घेऊ नको खरं तर. सॉनासाठी घड्याळ नसतंच."

"अगं, पन्नास मीटर लिहिलंय ना त्यावर. आपलं भोक दोन मीटर खोल. अठ्ठेचाळीस मीटर शिल्लक राहतात." आणि स्वतःच्या विनोदावर हसला होता तो.

तिने त्याला समजावलं होतं, आणि ती काही थोडक्यात समजावणारी बाई नव्हे. "तो आकडा खोलीचा नाही, दाबाचा आहे. कारखान्यात नवंकोरं घड्याळ घेतात, स्थिर पाण्यात ठेवतात, पन्नास मीटर खाली जेवढा दाब असतो तेवढा थोडा वेळ देतात आणि बघतात. उडी नाही, आपटणं नाही, साबण नाही. जुनं झालेलं रबर नाही. म्हणून तीस लिहिलं असेल तर हात धुवावेत, पावसात जावं, एवढंच. पन्नास म्हणजे सावकाश थोडंसं पोहणं. शंभर म्हणजे रोजचं पोहणं, मासे बघायला तोंड खाली घालणं. दोनशे आणि वर पाणबुड्याची खूण असेल तर खोल जा. पण गरम पाण्याचं यातल्या एकातही नाही. कसोटीत पाणी फार तर कोमट असतं."

"गरम पाणी म्हणजे पाणीच ना?"

"नाही रे बाबा. काच, पोलाद आणि रबर, तिन्ही तापली की वेगवेगळी फुगतात. मध्ये फट पडते. पाण्याचा थेंब जिथून जात नाही तिथून वाफ जाते. आणि मग तू नव्वद अंशांतून उठून बर्फात उडी मारतोस. आतली तापलेली हवा झटक्यात आकसते आणि बाहेरचं पाणी चावीजवळून आत ओढून घेते. तरणतलावावरच्या गरम शॉवरखालीसुद्धा घालू नये. साबणाने तर पाणी आणखी पातळ होऊन शिरतं, रबरही खराब होतं."

"तू कंपनीपेक्षा शहाणी," उंतो म्हणाला आणि तेच घड्याळ बांधून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने तारीख लावून दिली, चावी आत दाबून दिली आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवली, सॉनात घालू नये. ती चिठ्ठी उंतोने दाराबाहेर पडायच्या आत फाडून खिशात घातली हे तिने काचेतून बघितलं होतं.

आता तिने घड्याळ उलटं करून मागच्या झाकणाच्या खाचेत पातं घातलं. झाकण टक्कन सुटलं. आत पाणी नव्हतं. दोनतीन थेंब, बस. सेलच्या बाजूला हिरवट बुरशीसारखं चढलेलं, आणि सर्किटवर पाणी सुकल्याचे पांढरे गोल डाग, एकावर एक. एकदा पाणी येऊन सुकलं की एक गोल उमटतो. इथे तीन होते.

"काय?" उंतो म्हणाला.

"थांब."

मशीन तिने घड्याळाच्या डबीतून अलगद बाहेर काढलं, काच आतून मऊ कापडाने पुसली आणि मशीन पुन्हा आत ठेवून घड्याळ सुलटं केलं. इतके दिवस धुक्यामागे दडलेली निळी डायल लख्ख दिसली. काटे होते तिथेच होते. आणि तीनच्या आकड्याजवळच्या छोट्या खिडकीत तारीख होती.

दहा.

रायलीने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. दहाच. याल्मारी गेला तो शनिवार सतरा तारखेचा होता. दहा म्हणजे त्याच्या आधीचा शनिवार.

तिने घड्याळ दिव्याखाली भावाकडे सरकवलं. "बघ."

तो वाकला. "ह्याचं काय?"

"हे सतराला बंद पडलं नाही, उंतो. आठवडाभर आधी पडलं. दहा तारखेला संध्याकाळी तो सॉनातून निघून भोकात उतरला असणार, तेव्हाच आत पाणी ओढलं गेलं. सतराला त्याच्या हातात बंद घड्याळ होतं. सहा दहाचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही."

"तारीख चुकीची लावली असशील तू."

"मीच लावली होती. डिसेंबर एकतीस दिवसांचा, त्यात मधे काही हलवावं लागत नाही. बरोबर होती."

"पाणी शिरल्यावर तारीख मागे गेली असेल."

"तारीख मागे जात नाही. कुठल्याच घड्याळाची जात नाही अशी."

उंतोने दोन्ही हात टेबलावर टेकवले. त्याच्या बोटांना बर्फ काढायच्या ट्रॅक्टरचं तेल होतं. "बंद पडलेलं घड्याळ आठवडाभर कोण घालतं गं? सांग ना. खुळा होता का माझा मुलगा? दुकान इथे आहे, आत्या इथे बसलीय, दोन मिनिटांत आणून दिलं असतं."

रायलीने उत्तर गिळायला हवं होतं. पण तिला ते कधी जमलं नव्हतं, आईसुद्धा म्हणायची, रायलीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"इथे आणलं असतं तर तुला कळलं असतं," ती म्हणाली. "आणि तू ओरडला असतास. 'एवढं महागाचं घड्याळ, तीन आठवड्यांत वाट लावलीस.' मीसुद्धा चार शब्द सुनावले असते, की सांगितलं होतं ना सॉनात नको. म्हणून त्याने सांगितलं नाही. तू दिलेलं म्हणून घालत राहिला. रोज रात्री जेवायला बसला की तू त्याच्या मनगटाकडे बघायचास, मी बघितलंय."

उंतो खाली बसला. आता टोपीही काढली. केस घामाने चिकटले होते. इतका वेळ रायलीला त्याचा राग आला होता, तो एकदम कुठे गेला कुणास ठाऊक. या धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"सात वाजता," तो म्हणाला. "सातलाच यायचं ठरलं होतं. सुलो खरं बोलतोय."

तिने हातातलं पातं खाली ठेवलं.

"पहाटे चारपासून रस्ते साफ करत होतो त्या दिवशी. घरी आलो, म्हटलं पाच मिनिटं टेकतो. जाग आली तेव्हा साडेसात होऊन गेले होते. धावत गेलो. कंदील जळत होता. टॉवेल कठड्यावर होता." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सहा दहाला गेला असेल तर मी सातला गेलो काय आणि आठला गेलो काय, सारखंच. कळतंय का तुला? सहा दहाला गेला असेल तर मी झोपलो म्हणून नाही गेला तो."

"कळतंय."

"मग तारीख फिरव."

रायलीने मान वर केली.

"चावी एक टप्पा बाहेर ओढायची आणि सात वेळा फिरवायची. मला माहीत आहे, तूच शिकवलंस. दहाची सतरा होईल. कुणाला कळणार आहे?"

"मला. आणि सुलोचं काय?"

"सुलोला बायको आहे."

असलं बोलणं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. सुलोची बायको नवऱ्याचं नावसुद्धा कधीकधी विसरते. पण उंतो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर तिला माहीत होती. लहानपणी तळ्यावर बर्फ फुटून तो कमरेपर्यंत आत गेला होता, तेव्हा अशीच होती.

"नाही करणार," ती म्हणाली. "माझ्या हातून नाही. तू माझा भाऊ आहेस, तू मागशील ते देईन. हे नाही."

"मग झाकण लाव आणि दे इकडे. माझ्या मुलाचं आहे ते."

तिने मशीन नीट बसवलं, झाकण दाबलं आणि घड्याळ दिलं. दुसरं काय करणार होती? त्याच्या मालकीची वस्तू. जाताना दार त्याने हळूच लावलं, आणि त्या हळू लावण्यानेच तिला जास्त भीती वाटली.

रविवारपर्यंत ती स्वतःला सांगत राहिली की तो असं करणार नाही. शेवटी उंतो आहे तो, हट्टी असेल, पण लबाड नाही. रोज सकाळी दुकान उघडायची, गिऱ्हाइकांच्या घड्याळांचे सेल बदलायची, दाबाच्या यंत्रात घालून बघायची की झाकण नीट बसलं का, आणि आपल्या हाताखाली सगळं कसं सरळ कळतं, हे मनात आलं की वैतागायची. यंत्रात हवेचा दाब वाढतो, डबी अंगभर किंचित चेपली जाते आणि तशीच राहिली तर ठीक. हळूहळू पूर्ववत झाली तर समजायचं, हवा आत शिरतेय, गळती आहे. माणसाला असं यंत्रात घालता आलं असतं तर.

सभा अग्निशमन दलाच्या खोलीत होती. लांब टेबलावर कॉफीचे थर्मास, वेलदोड्याचे पाव, भिंतीवर हेल्मेटं टांगलेली. क्लबची अध्यक्ष हिल्क्का, शाळेतून निवृत्त झालेली, सगळ्यांना अजून विद्यार्थीच समजणारी. चाळीसेक माणसं आली होती, सॉनात एरवी उघडीनागडी बसून एकमेकांची पाठ घासणारी. आज सगळ्यांनी जाड कोट अंगावरच ठेवले होते. सुलो शेवटच्या खुर्चीवर, एकटा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. हेल्मीला शेजारणीकडे ठेवून आला होता.

उंतो उभा राहिला. फार बोलला नाही. खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "वेळ बघा. तारीख बघा. मग ठरवा."

घड्याळ हातोहात फिरायला लागलं. रायली आपल्या जागेवरून बघत होती. प्रत्येक जण चष्मा वर करायचा, खिडकी बघायचा, पुढे द्यायचा. कुणी च्च केलं. कुणी सुलोकडे मान वळवली. काच किती छान दिसतेय, अक्षर न् अक्षर वाचता येतंय, आणि ती पुसली कुणी, तर आपण, हेच रायलीच्या मनात येत राहिलं. तिच्यापर्यंत घड्याळ आलं. खिडकीत सतरा होती. चावी थोडी तिरकी आत बसली होती, घाईत दाबल्यासारखी.

तिने घड्याळ पुढे दिलं. हो, दिलं तिने. तोंड उघडलं नाही. रक्ताचा भाऊ होता, आणि त्याच्या घरात आता दुसरं कुणी नव्हतं.

"सुलो," हिल्क्का म्हणाली, "तुला काही म्हणायचं आहे का?"

सुलो उठला. हातातली टोपी पिळत होता. घड्याळ त्याच्यापर्यंत पोचलं होतं, त्याने ते तळहातावर धरलं होतं आणि मरून पडलेल्या पाखराकडे बघावं तसा बघत होता.

"मला तर पावणेसात वाटले होते," तो हळूच म्हणाला. "भिंतीवरचं घड्याळ बघून निघालो होतो. पण म्हातारा झालोय आता. घरी हेल्मीचं तसं, माझंही होत असेल. घड्याळ कशाला खोटं बोलेल? असेल. तुम्ही म्हणता तसं असेल."

आणि तो बसला. एवढंच. भांडला नाही, शपथ घेतली नाही. त्याची बायको जशी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झाली होती तसा तोही आता एका खिडकीतल्या आकड्यापायी स्वतःला खुळा मानायला तयार झाला होता. ते मात्र रायलीला बघवेना.

ती उठली. खुर्ची मागे कलंडली, कुणीतरी धरली.

"हे घड्याळ बुधवारी माझ्या टेबलावर होतं," ती म्हणाली. "तेव्हा तारीख दहा होती."

उंतोने तिच्याकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघत राहिला.

"पन्नास मीटरचं घड्याळ आहे. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या मनगटावर असलीच आहेत, आणि सगळ्यांना वाटतं पन्नास म्हणजे पन्नास. हे तीन शनिवार सॉनात गेलं. दर वेळी तापलं, दर वेळी भोकात बुडालं, दर वेळी थोडं पाणी प्यायलं. आत पाणी सुकल्याचे तीन गोल आहेत, हवं तर कुणीही येऊन भिंगातून बघा. दहा तारखेला ते मेलं. सतराला याल्मारीने मेलेलं घड्याळ घातलं होतं. ते कुणाबद्दल काहीच सांगू शकत नाही. सुलोबद्दल नाही आणि दुसऱ्या कुणाबद्दलही नाही. तारीख कुणी फिरवली ते विचारू नका. मी सांगणार नाही."

कुणी विचारलंच नाही. विचारायची गरज काय होती? हिल्क्काने चष्मा काढला आणि पुसत बसली.

मग उंतो उठला. दोन्ही हात खिशात घातले, परत काढले.

"मी फिरवली," तो म्हणाला. "सातला यायचं होतं मला. सुलो खरं बोलला. मी घरी झोपलो होतो."

तेवढं बोलून तो दाराकडे चालायला लागला. कोट खुर्चीवरच राहिला. रायलीने तो उचलला आणि मागोमाग निघाली. बाहेर उणे वीस असणार, आणि अशा थंडीत अशा मनाने माणूस कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. पण सुलो त्यांच्या आधी दारात पोचला. या वयात तो इतक्या चपळाईने कसा आला देव जाणे.

"उंतो," तो म्हणाला. "थांब."

"सरक, सुलो. माफी मागायचीय मला, पण आत्ता नाही. आत्ता मला जाऊ दे."

"माफी नको मागू." सुलोचा आवाज इतका खाली गेला की मागच्या लोकांनी माना पुढे काढल्या. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"घरी जाताना तुझ्या अंगणावरूनच जातो ना मी. ट्रॅक्टर उभा होता. खिडकीत दिवा होता. तू सोफ्यावर आडवा पडला होतास, बूटसुद्धा न काढता." तो थांबला, त्याचा खालचा ओठ हलत राहिला. "दारापर्यंत आलो होतो मी. हात वर केला होता वाजवायला. मग वाटलं, पहाटेपासून रस्त्यावर आहे बिचारा, पडू दे अजून जरा. पोरगा काय, शेक घेऊन येईल आपला आपण."

रायलीच्या हातात कोट तसाच होता.

"इतके दिवस गप्प का राहिलास?" उंतोने विचारलं. "सगळं गाव तुझ्यावर थुंकत होतं."

"सांगितलं असतं तर तू झोपला होतास हे सगळ्यांना कळलं असतं. आणि मी उठवलं नाही हे तुला." सुलोने खाली बघितलं. "उठवायला हवं होतं."

उंतो त्याच्याकडे बघत उभा राहिला. एक हात त्याने उचलला, सुलोच्या खांद्याच्या दिशेने, आणि मधेच खाली सोडला. मग सुलो दारातून बाजूला झाला, आणि उंतो बाहेर गेला. रायलीने त्याला फाटकाशी गाठून कोट अंगावर टाकला. त्याने बाह्यांत हात घातले, तिने बटणं लावली, आणि ती त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेली.